व्हॉन विलेब्रँडचे रिपोर्ट प्रत्येक वेळी वेगळे का येतात, आणि खरा आकडा कसा मिळवावा

रक्त गोठण्याच्या तपासण्या करणं हे माझं रोजचं काम. एक दिवस एक आई सतरा वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या आणि टेबलावर दोन रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. पहिल्यात लिहिलं होतं, सगळं नॉर्मल. दुसऱ्यात आजार होता आणि तोही त्यातला जरा अवघड प्रकार. दोन्हींमध्ये सहा महिन्यांचं अंतर. "मॅडम, यातला खरा कोणता?" त्यांनी विचारलं. खरं म्हणजे दोन्हींपैकी एकही पूर्ण खरा नव्हता. हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे. मुलीची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, पण आकड्यांची गोष्ट अशीच घडते.

आजाराचं नाव व्हॉन विलेब्रँड डिसीज. आनुवंशिक रक्तस्रावाच्या आजारांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा हाच. हिमोफिलियाचं नाव जास्त लोकांनी ऐकलेलं असतं, पण हा त्याहून कितीतरी जास्त लोकांना असतो आणि स्त्री-पुरुष दोघांनाही होतो. फक्त रक्तातला आकडा पाहिला तर शंभरात एकाच्या आसपास माणसांमध्ये तो कमी सापडतो. त्रास होऊन डॉक्टरकडे जावं लागतं असे हजारात एखादा. पाळीत जास्त रक्त जाणं, नाकाचा घोळणा वारंवार फुटणं, दाढ काढल्यावर रक्त थांबता न थांबणं, न आपटता अंगावर काळे-निळे डाग पडणं ही त्याची नेहमीची लक्षणं.

१९२४ साली फिनलंडच्या ऑलंड बेटांवरच्या फॉग्लो गावातली पाच वर्षांची एक मुलगी हेलसिंकीला तपासणीसाठी आणली गेली. एरिक फॉन विलेब्रँड या डॉक्टरांनी तिचा आणि तिच्या कुटुंबाचा अभ्यास करून १९२६ मध्ये तो प्रसिद्ध केला. हिमोफिलिया म्हणावा तर तो बहुतेक मुलग्यांना होतो, आणि या घरात मुलींनाही त्रास होता. प्लेटलेट मोजाव्यात तर संख्या ठीक होती. तरी रक्त थांबायला फार वेळ लागत होता. ती मुलगी तेरा वर्षांची असताना, चौथ्या पाळीत रक्तस्राव होऊन गेली. साध्या रक्ततपासणीत काहीच न सापडता माणसाचं रक्त वाहत राहू शकतं, ही या आजाराची खोड तेव्हाही होती आणि आजही आहे.

आधी ते प्रथिन काय करतं ते पाहू

रक्तवाहिनीला चीर पडली की आतल्या अस्तराखालचा कोलॅजनचा थर उघडा पडतो. वेगाने वाहणाऱ्या रक्तातल्या प्लेटलेटना तिथे आपणहून थांबता येत नाही. व्हॉन विलेब्रँड फॅक्टर हे प्रथिन एका टोकाने कोलॅजनला चिकटतं, प्रवाहाच्या ओढीने उलगडतं आणि दुसऱ्या बाजूने प्लेटलेटना धरून ठेवतं. त्याच्या कड्या एकमेकींत गुंफून लांबच लांब साखळ्या बनतात. साखळी जितकी लांब, तितकी पकड चांगली. याशिवाय त्याचं दुसरं काम म्हणजे फॅक्टर आठला सोबत घेऊन फिरणं. ही सोबत नसली तर फॅक्टर आठ रक्तात फार काळ टिकत नाही.

आता आकडा का हलतो याचं मूळ. हे प्रथिन रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशी बनवतात आणि बनवलेलं सगळं लगेच रक्तात सोडत नाहीत. त्यातलं बरंचसं पेशीच्या आत लांबट पिशव्यांमध्ये भरून ठेवतात. अ‍ॅड्रेनलिन वाढलं, शरीरात दाह झाला, इजा झाली की या पिशव्या रक्तात रिकाम्या होतात. म्हणजे रक्ताच्या नमुन्यात मोजलं जातं ते त्या घटकेला कोठारातून बाहेर आलेलं प्रथिन. रक्तगट जसा आयुष्यभर एकच राहतो, तसा हा आकडा राहत नाही.

माझ्या इतक्या वर्षांच्या कामातून एक गोष्ट मी मनात पक्की धरली आहे, आणि पुढचा सगळा लेख तिच्यावरच चालतो. शरीर हा आकडा बहुतेक वेळा वर ढकलतं, आणि रक्त काढल्यानंतरचे घोळ बहुतेक वेळा तो खाली ओढतात. त्यामुळे 'नॉर्मल' आला तर आधी विचारायचं की रक्त काढताना माणूस कसा होता. 'कमी' आला तर आधी विचारायचं की रक्त काढल्यानंतर त्या ट्यूबचं काय झालं.

पायरी पहिली: आकड्याआधी रक्तस्रावाची हकीकत लिहून काढा

तपासणीला जाण्याआधी एक कागद घ्या. पाळी किती दिवस चालते, पॅड किती वेळात पूर्ण भिजतं, गाठी किती मोठ्या पडतात, रात्री उठून पॅड बदलावं लागतं का. घोळणा फुटला की किती मिनिटं चालतो, वर्षातून किती वेळा फुटतो. आजवर कुठले दात काढले, कुठली ऑपरेशनं झाली आणि त्यानंतर किती काळ रक्त आलं. पाळी सात दिवसांच्या वर जाणं, पॅड दोन तासांच्या आत भिजणं, अडीच सेंटिमीटरपेक्षा मोठ्या गाठी पडणं, घोळणा दहा मिनिटांच्या वर चालणं, यांतलं काहीही असेल तर ठळक लिहा.

डॉक्टर हीच माहिती एका ठरलेल्या प्रश्नावलीत भरून गुण देतात. प्रौढ पुरुषात ४, प्रौढ स्त्रीत ६ आणि लहान मुलात ३ किंवा त्याहून जास्त गुण झाले तर रक्तस्राव नेहमीपेक्षा जास्त आहे असं धरतात. लहान मुलांत मात्र जपून वाचावं लागतं. ज्या मुलाचा अजून दात काढलेला नाही, ऑपरेशन झालेलं नाही, त्याची रक्त थांबण्याची परीक्षाच झालेली नसते, त्यामुळे गुण कमी येतात.

या मुलीचं विचारलं तर पहिल्या पाळीपासून आठ-नऊ दिवस रक्त जायचं, पहिले तीन दिवस दीड तासात पॅड भिजायचं. लहानपणी घोळणा फुटला की वीस-वीस मिनिटं थांबायचा नाही. दाढ काढल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळीही उशीवर रक्त होतं. आई म्हणाल्या, "आमच्याकडे सगळ्यांना असंच जातं, म्हणून काही वाटलं नाही." मला हे वाक्य फार वेळा ऐकू येतं. ज्या घरात सगळ्यांनाच जास्त रक्त जातं, त्या घरात जास्त म्हणजे किती हेच कळेनासं होतं. म्हणून मोजून लिहायचं.

पायरी दुसरी: कोणत्या तपासण्या सांगायच्या

रक्त गोठण्याच्या नेहमीच्या तपासण्या, म्हणजे पीटी आणि एपीटीटी, या आजारात पूर्ण नॉर्मल असू शकतात. एपीटीटी लांबते ती फॅक्टर आठ पुरेसा खाली गेला असेल तरच. प्लेटलेटची संख्याही बहुतेकांत ठीक असते. तेवढ्यावर 'काही नाही' म्हणून परत पाठवलेली माणसं मी पाहिली आहेत आणि ते पाहताना दर वेळी वाईट वाटतं.

मागायच्या त्या तीन तपासण्या, एकाच वेळी काढलेल्या एकाच रक्तातून. पहिली अँटिजेन, म्हणजे हे प्रथिन आहे किती. दुसरी अ‍ॅक्टिव्हिटी, म्हणजे ते प्लेटलेट धरण्याचं काम किती करतं. तिसरी फॅक्टर आठ. आकडे डेसिलिटरमागे आंतरराष्ट्रीय एककांत येतात. काही रिपोर्ट टक्के लिहितात, अर्थ जवळपास तोच. नॉर्मल साधारण ५० ते २००. सोबत हिमोग्राम, शरीरातला लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन आणि रक्तगट करून घ्यावा. रक्तगट कशाला, ते पुढे येईल.

अ‍ॅक्टिव्हिटी मोजायच्या पद्धती एकाहून जास्त आहेत. जुनी पद्धत रिस्टोसेटिन नावाचं रसायन वापरून प्लेटलेटच्या गुठळ्या करते. ती बरीच डळमळीत आहे. एकच नमुना दोनदा लावला तर उत्तरात २० टक्क्यांहून जास्त फरक पडू शकतो आणि फार कमी पातळीला ती नीट मोजूही शकत नाही. शिवाय काही लोकांच्या प्रथिनात असा एक निरुपद्रवी बदल असतो की रिस्टोसेटिन त्याला नीट चिकटत नाही. शरीरात ते प्रथिन व्यवस्थित काम करत असतं, तपासणीत मात्र आकडा कमी दिसतो. नव्या पद्धतींपैकी काही रिस्टोसेटिनशिवाय चालतात, आणि नव्या पद्धतींचा भरवसा जास्त. दोन रिपोर्टांची तुलना करण्याआधी दोन्हींवर पद्धतीचं नाव एकच आहे का, एवढं तरी पाहाच.

पायरी तिसरी: शरीर शांत असताना रक्त द्या

मुलीचा पहिला रिपोर्ट इथे उघडून पाहू. अँटिजेन ८२, अ‍ॅक्टिव्हिटी ७९, फॅक्टर आठ ११०. शेरा होता नॉर्मल. मी तारीख पाहिली आणि आईंना विचारलं, त्या दिवशी काय झालं होतं? पाळीत इतकं रक्त गेलं होतं की हिमोग्लोबिन ६.८ वर आलं होतं. चक्कर येऊन पडली म्हणून रात्री दाखल केलं, अंगात ताप होता, नस सापडत नव्हती म्हणून तीन वेळा टोचलं, आणि त्याच धावपळीत हे रक्त काढलं. तीव्र रक्तक्षय, ताप, भीती, वेदना. यांतली प्रत्येक गोष्ट अस्तरातली ती कोठारं रिकामी करणारी. एरवी चाळिशीत असणारी पातळी त्या रात्री दुप्पट झाली होती.

म्हणून आजारी असताना, ऑपरेशननंतर लगेच किंवा मोठ्या ताणात काढलेला नॉर्मल आकडा 'आजार नाही' असं सांगत नाही. तो काहीच ठरवत नाही. उलट अशा स्थितीतही आकडा कमी आला तर त्याला जास्त वजन द्यावं, कारण इतका जोर लागूनही तो वर आला नाही.

तपासणीचा दिवस ठरवताना ताप, सर्दी-खोकला, कुठलाही संसर्ग पूर्ण बरा होऊन दोन-तीन आठवडे जाऊ द्या. त्या सकाळी धावणं, जिम, जिने चढत पळत येणं टाळा. जोराच्या व्यायामाने आकडा बराच वर जातो आणि काही तास तसाच राहतो. लॅबमध्ये पोहोचल्यावर वीस-तीस मिनिटं नुसतं बसा. सुईची फार भीती वाटत असेल तर रक्त काढणाऱ्याला आधी सांगा. नस नीट सापडणारा अनुभवी हात मिळणं ही या तपासणीत चैन नाही, गरज आहे. लहान मूल रडून लालबुंद झालं असेल तर मी स्वतः थांबते. त्याला शांत होऊ देते, आणि नाहीच झालं तर दुसऱ्या दिवशी बोलावते.

पाळीच्या बाबतीत, पहिल्या तीन-चार दिवसांत पातळी किंचित कमी असते. शक्य असेल तर त्या दिवसांत रक्त द्यावं, पण त्यासाठी तपासणी महिनोन्महिने लांबवू नये. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी पातळी वाढू शकते. तरीही तपासणीसाठी त्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, कारण गोळ्या थांबल्या की तोच रक्तस्राव परत सुरू होतो. फक्त गोळ्या चालू होत्या हे रिपोर्टवर लिहून घ्या.

गरोदरपण हा सगळ्यात मोठा चढ. दुसऱ्या तिमाहीपासून पातळी वाढत जाते, बाळंतपणाच्या वेळी शिगेला पोहोचते आणि नंतर काही आठवड्यांत मूळ जागी येते. सौम्य आजार असलेल्या बाईचा आकडा नवव्या महिन्यात पूर्ण नॉर्मल दिसेल. धोका त्यानंतरच्या दिवसांत असतो: बाळंतीण घरी गेलेली असते, पातळी उतरत असते आणि जास्त रक्तस्राव तेव्हा सुरू होतो. निदानासाठी रक्त द्यायचं असेल तर बाळंतपणानंतर निदान सहा आठवडे थांबा. नवजात बाळातही पातळी जास्त असते, म्हणून सौम्य प्रकारासाठी तपासणी सहा महिन्यांनंतर करावी.

शरीरच आकडा खाली नेतं अशी उदाहरणं थोडी आहेत, पण ती सुटू नयेत. थायरॉइड कमी काम करत असेल तर ही पातळी उतरते आणि थायरॉइडचा उपचार झाला की सुधारते. फिट्सवरच्या व्हॅल्प्रोएट या औषधानेही असं होऊ शकतं. हृदयाची महाधमनीची झडप अरुंद झाली असेल तर तिथल्या जोरदार प्रवाहात लांब साखळ्या तुटतात. म्हणून आयुष्यभर रक्तस्रावाचा त्रास नव्हता आणि पन्नाशी-साठीत अचानक सुरू झाला, तर आनुवंशिक म्हणण्याआधी ही कारणं शोधायची.

पायरी चौथी: ट्यूबचा प्रवास विचारा

मुलीचा दुसरा रिपोर्ट: अँटिजेन ४१, अ‍ॅक्टिव्हिटी १८, फॅक्टर आठ ३५. या वेळी ती शांत होती, ताप नव्हता, एका टोचण्यात रक्त मिळालं होतं. अ‍ॅक्टिव्हिटीला अँटिजेनने भागलं तर १८ भागिले ४१, म्हणजे ०.४४. हे गुणोत्तर ०.७ च्या खाली गेलं की प्रथिन नुसतं कमी नाही, सदोष आहे असा संशय घेतात. त्यावरून तिला टाइप दोन सांगितला गेला होता.

आईंना मी रक्त कुठे काढलं आणि तपासलं कुठे, ते विचारलं. एका संकलन केंद्रावर काढलं आणि दूरच्या लॅबमध्ये पाठवलं. "डब्यात बर्फाच्या पिशव्यांमध्ये नीट ठेवलं होतं, मी पाहिलं," त्या विश्वासाने म्हणाल्या. केंद्रावरच्या मुलाने आपल्या परीने काळजीच घेतली होती. पण सगळा घोळ त्या बर्फातच होता.

इतर अनेक तपासण्यांना थंडावा चालतो, या तपासणीला चालत नाही. पेशींसकट असलेलं अख्खं रक्त गार केलं की व्हॉन विलेब्रँड फॅक्टर आणि फॅक्टर आठ दोन्ही घटतात, आणि लांब साखळ्या आधी जातात. लांब साखळ्या गेल्या म्हणजे अ‍ॅक्टिव्हिटी अँटिजेनपेक्षा जास्त पडते. म्हणजे निरोगी माणसाचं रक्तही काही तास बर्फावर ठेवलं तर टाइप दोनसारखा रिपोर्ट देऊ शकतं. रिपोर्ट वाचणाऱ्याला हे कळायला मार्ग नसतो, कारण कागदावर बर्फाचा उल्लेख नसतो.

बरोबर पद्धत अशी. निळ्या झाकणाची, ३.२ टक्के सायट्रेटची ट्यूब घ्यायची. रक्ताचे नऊ भाग आणि सायट्रेटचा एक भाग हे प्रमाण जुळण्यासाठी ती खुणेपर्यंत भरलीच पाहिजे. अर्धी भरली तर सायट्रेट जास्त होतं आणि आकडे खाली येतात. भरल्यावर तीन-चार वेळा हलकेच उलटी-सुलटी करायची, घुसळायची नाही. नीट न मिसळलेल्या ट्यूबमध्ये बारीक गुठळी झाली तर ते रक्त फेकून नवं घ्यायचं, कारण गुठळीने फॅक्टर वापरून टाकलेले असतात. ट्यूब खोलीच्या तापमानालाच ठेवायची आणि चार तासांच्या आत सेंट्रिफ्यूजवर फिरवून रक्तद्रव वेगळा करायचा. पाठवायचंच असेल तर दोनदा फिरवून, प्लेटलेट काढून टाकलेला रक्तद्रव गोठवून पाठवायचा, आणि तो तपासणीआधी ३७ अंशांवर पूर्ण वितळवायचा. वितळताना प्रथिनाचा पांढरट साका तळाशी बसतो. तो नीट मिसळला नाही तरी आकडा खोटा कमी येतो.

यातलं सगळं रुग्णाच्या हातात नाही, हे मला मान्य आहे. पण दोन प्रश्न विचारणं तुमच्या हातात आहे: रक्त इथेच तपासणार की पाठवणार? पाठवणार असाल तर आधी रक्तद्रव वेगळा करणार ना? उत्तर समाधानाचं नसेल तर जिथे ही तपासणी प्रत्यक्ष होते, तिथेच जाऊन रक्त द्या. एक दिवस मोडेल, पण सहा महिने चुकीचं निदान घेऊन फिरण्यापेक्षा ते बरं.

पायरी पाचवी: दुसऱ्यांदा मोजा, मगच नाव द्या

मुलीला आम्ही लॅबमध्येच बोलावलं. पाळीचा तिसरा दिवस, ताप नाही, अर्धा तास बसवून एका टोचण्यात रक्त. अँटिजेन ३८, अ‍ॅक्टिव्हिटी ३६, फॅक्टर आठ ५८. गुणोत्तर ०.९५. सहा आठवड्यांनी पुन्हा: ४३, ४० आणि ६२, गुणोत्तर ०.९३. हे दोन रिपोर्ट हुबेहूब सारखे नाहीत, आणि ते तसे येणारही नाहीत. पाच-सात अंकांचा फरक शरीराचाही असतो, यंत्राचाही. पण दोन्ही एकच गोष्ट सांगतात: प्रथिन कमी आहे, आणि जे आहे ते नीट काम करतं. हा टाइप एक.

इथे सीमा समजून घ्या. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी मिळून दिलेल्या मार्गदर्शनाप्रमाणे पातळी ३० च्या खाली असेल तर रक्तस्राव असो-नसो, निदान टाइप एक. ३० ते ५० मध्ये असेल आणि रक्तस्रावाची हकीकत ठळक असेल, तरीही टाइप एक. या दुसऱ्या गटात पहिल्या पायरीतला तो कागद निर्णायक ठरतो. ४१ हा आकडा एका माणसात आजार असतो आणि कधीच रक्तस्राव न झालेल्या दुसऱ्या माणसात नसतो. आणि हकीकत पक्की असताना पहिला आकडा ५५-६० सारखा सीमेलगत आला, तर तिथे थांबू नये. निवांत स्थितीत आणखी एक-दोनदा मोजावं.

या मुलीचा रक्तगट ओ. ओ गटाच्या लोकांत हे प्रथिन इतरांपेक्षा साधारण पाव हिश्श्याने कमी असतं, कारण ए आणि बी गटाच्या साखरेच्या खुणा त्या प्रथिनावरही असतात. त्या नसल्या तर ते रक्तातून लवकर काढून टाकलं जातं. मग कुणी म्हणतं, "ओ गट आहे ना, मग चाळीस चालतात." नाही चालत. रक्त थांबणं हे प्रत्यक्ष किती प्रथिन आहे यावर अवलंबून आहे, ते का कमी आहे यावर नाही. ओ गटासाठी वेगळी, खालची नॉर्मल मर्यादा धरू नये. रक्तगट कळला की आकडा कमी असण्याचं थोडं कारण कळतं, एवढंच.

गुणोत्तर खरोखर ०.७ च्या खाली असेल आणि बर्फाची शंका नीट नमुन्याने दूर झाली असेल, तर पुढच्या तपासण्या लागतात: साखळ्यांची लांबी पाहणारी मल्टिमर तपासणी आणि काही वेळा जनुकाची. टाइप दोनचेही उपप्रकार आहेत आणि त्यांचं औषध वेगळं, म्हणून हे नाव घाईने देऊ नये आणि घाईने काढूही नये. टाइप तीनमध्ये प्रथिन जवळजवळ नसतंच. तिथे चढ-उताराचा प्रश्न येत नाही.

आईचा आकडा

आईंनाही तपासलं. वय ४६, अँटिजेन ६१, अ‍ॅक्टिव्हिटी ५८. नॉर्मल. पण तरुणपणी त्यांनाही तशीच पाळी होती आणि पहिल्या बाळंतपणानंतर दहाव्या दिवशी रक्त चढवावं लागलं होतं. वयाबरोबर ही पातळी हळूहळू वाढते. आजचे ६१ पंचविशीत पंचेचाळीस असू शकतील. तेव्हाचा आकडा आता मोजता येत नाही, त्यामुळे आईंना आजार नव्हता असं या रिपोर्टवरून म्हणता येत नाही. हेच उलट बाजूनेही लागू आहे. ज्याचं निदान नीट झालेलं आहे आणि पुढे वयानुसार आकडा ५० च्या वर गेला, त्याचं निदान आपोआप पुसू नये. डॉक्टरांनी हकीकत पाहून पुन्हा विचार करावा.

चढ-उताराचा उपयोग: डेस्मोप्रेसिनची चाचणी

ज्या कोठारांमुळे रिपोर्ट फसवतात, त्यांचाच उपचारासाठी उपयोग होतो. डेस्मोप्रेसिन हे औषध त्या पिशव्या रिकाम्या करतं. दात काढणं किंवा लहान ऑपरेशन ठरण्याआधी एकदा चाचणी म्हणून ते शिरेतून, वजनाच्या किलोमागे ०.३ मायक्रोग्रॅम या मात्रेने देतात आणि एक तासाने व चार तासांनी पुन्हा मोजतात. या मुलीचे आधीचे ४०, एका तासाने ११८, चार तासांनी ९६. चढला आणि टिकला; म्हणजे दाढ काढायची वेळ आली तर हे औषध तिला पुरेल. काही लोकांत मात्र एका तासाचा आकडा छान येतो आणि चार तासांनी तो जवळपास मूळ जागी आलेला असतो. त्यांचं शरीर हे प्रथिन फार वेगाने काढून टाकतं. म्हणून चार तासांचा नमुना टाळून घरी जाऊ नका, खरी माहिती त्यातच असते.

हे औषध शरीरात पाणी धरून ठेवतं, म्हणून त्यानंतरचे २४ तास पाणी डॉक्टर सांगतील तितकंच प्यायचं. नाहीतर रक्तातलं सोडियम उतरून फिट येऊ शकते. दोन वर्षांखालच्या मुलांना ते सहसा देत नाहीत. टाइप दोन-बी मध्ये त्याने प्लेटलेट घसरू शकतात, म्हणून प्रकार पक्का झाल्याशिवाय ते घेऊ नये. मुलीच्या पाळीसाठी डॉक्टरांनी ट्रानेक्झामिक अ‍ॅसिडच्या गोळ्या आणि लोह सुरू केलं, आणि दुखण्यासाठी अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन न घेता पॅरासिटामॉल घ्यायला सांगितलं.

तिच्या फाइलमध्ये आता पहिल्या पानावर चारही रिपोर्ट तारखेनुसार लिहिले आहेत, आणि प्रत्येकासमोर एक ओळ: त्या दिवशी ताप होता का, पाळीचा कितवा दिवस, कोणत्या गोळ्या चालू, रक्त कुठे काढलं, कसं पोहोचलं, अ‍ॅक्टिव्हिटी कोणत्या पद्धतीने मोजली. ८२ च्या समोर 'दाखल, ताप, हिमोग्लोबिन ६.८' आणि ४१/१८ च्या समोर 'बर्फात पाठवलं' असं आईंनी स्वतःच्या हाताने लिहिलं. पुढच्या डॉक्टरने ते पान पाहिलं तर त्याला एका मिनिटात कळेल की कोणते दोन आकडे धरायचे.

गेल्या आठवड्यात आई त्यांच्या सहा वर्षांच्या धाकट्या मुलाला घेऊन आल्या. घोळणा फुटतो म्हणाल्या. तो सुई पाहून इतका रडला की दोघांनी धरावं लागलं, आणि थांबायला मी सांगेपर्यंत रक्त निघालेलंही होतं. अँटिजेन ६४ आलं. मी रिपोर्टवर 'मूल रडत होतं, निष्कर्ष काढू नये' असं लिहिलं आणि तीन आठवड्यांनंतरची सकाळची वेळ दिली. टोचायच्या जागी आधी तासभर भूल देणारं मलम लावून आणायला सांगितलं आहे.